मऊ चिकणमातीवर गोदामाची फरशी: जमीन सुधारणेचा प्रस्ताव कसा तयार करावा

गोदामाच्या इमारतीचे खांब सहसा त्रास देत नाहीत. त्यांच्याखाली पाइल घालून भार खोल, घट्ट थरावर नेता येतो. त्रास देते ती फरशी. काही हजार चौरस मीटर पसरलेली, प्रत्येक चौरस मीटरवर तीन-तीन टन माल घेऊन बसलेली फरशी पाइलवर उचलून धरायची, तर जाड स्लॅब आणि शेकडो पाइल लागतात. त्यामुळे बहुतेक वेळा फरशी जमिनीवरच टेकवायची आणि खालची जमीन आधी सुधारून घ्यायची असं ठरतं. मग नव्या इंजिनिअरच्या टेबलावर कागद येतो: ‘प्रीलोडिंग, वर्टिकल ड्रेन आणि स्टोन कॉलम यांची तुलना करून प्रस्ताव द्या.’

बहुतेक नवखे लगेच तीन रकान्यांचा तक्ता आखतात आणि खर्च, वेळ, फायदे, तोटे भरू लागतात. मीही तसंच केलं होतं. पण या तीन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत, म्हणून तो तक्ता मुळातच फसवा. प्रीलोडिंग म्हणजे मातीला आधीच दाबून घेणं. ड्रेन म्हणजे दाबल्यावर सुटणाऱ्या पाण्याला जवळची वाट देणं. ते स्वतः काहीच दाबत नाहीत. स्टोन कॉलम मातीला थोडा ताठरपणा आणि बरीच ताकद देतात, पण ती खचायची पूर्ण थांबवत नाहीत. एवढं मनाशी पक्कं झालं की प्रस्तावाचा प्रश्नही बदलतो: फरशी ओतण्याआधी किती खचून घ्यायचं, किती महिन्यांत, आणि त्यासाठी लागणारा भराव ही माती पेलेल का?

खाली एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. आकडे हाताने पडताळता येतील इतके सोपे ठेवले आहेत.

पायरी १: जमीन एका चित्रात बसवा

गोदाम १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद. जमिनीचा वरचा १ मीटर वाळून कडक झालेला पापुद्रा आहे आणि पाण्याची पातळी त्याच्या तळाशी. त्याखाली ८ मीटर मऊ चिकणमाती, तिच्याखाली घट्ट वाळू. फरशीसाठी जमीन १ मीटर उंच करायची आहे. मालाचा भार ३० किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला साधारण तीन टन. स्लॅबचे ५ किलोपास्कल. एक मीटर भरावाचे २०.

चिकणमातीबद्दल चार गोष्टी हव्यात. पहिली, थराच्या मध्यावर आज किती प्रभावी दाब आहे: वरच्या पापुद्र्याचे १७ आणि पाण्याखालच्या चार मीटर मातीचे सुमारे २५, मिळून ४२ किलोपास्कल. दुसरी, ती किती दबते: कन्सॉलिडेशन चाचणीतून आलेलं Cc/(1+e0) हे गुणोत्तर ०.२०. तिसरी, किती वेगाने दबते: उभ्या दिशेचा cv वर्षाला १ चौरस मीटर, आडव्या दिशेचा ch १.५. चौथी, आज तिच्यात किती ताकद आहे: व्हेन चाचणीत सरासरी १० किलोपास्कल.

यातले वेगाचे आकडे सर्वांत कच्चे असतात. प्रयोगशाळेतला नमुना जेमतेम दोन सेंटिमीटर जाड, आणि चिकणमातीत मध्येच असणारे वाळूचे कागदासारखे पातळ पापुद्रे त्यात सापडतीलच असं नाही. पाण्याची खरी वाट मात्र तेच असतात. म्हणून जमिनीत टोकदार शंकू ढकलून घेतात त्या कोन चाचणीत शंकू मध्येच थांबवून पाण्याचा दाब किती वेळात उतरतो ते मोजून घ्या. दोन्ही ch मध्ये दुपटीचा फरक निघाला तर घाबरू नका, तसा फरक नेहमीच येतो. प्रस्तावात दोन्ही लिहा आणि कुठला धरला, का धरला, ते सांगा.

पायरी २: किती खचेल ते काढा, आणि मग पुन्हा काढा

आजवर यापेक्षा जास्त दाब न सोसलेल्या मातीसाठी सूत्र असं:

```
s = H × Cc/(1+e0) × log10((σ0' + Δσ)/σ0')
```

H = ८ मीटर, σ0' = ४२, Δσ = २० + ५ + ३० = ५५. उत्तर येतं ५८ सेंटिमीटर. इथेच बरेच जण पेन खाली ठेवतात.

पण जमीन ५८ सेंटिमीटर खचली तर भरावही तेवढाच खाली जाईल. फरशी तर मूळ जमिनीपासून १ मीटर वर हवी. म्हणजे भराव १ मीटर नव्हे, १.५८ मीटर घालावा लागणार. जास्तीच्या भरावाचं वजन पुन्हा मातीवर येणार, आणि माती आणखी खचणार. यातला थोडा भार पाणी उचलून धरतं, कारण खाली गेलेला थर तेवढाच पाण्यात बुडतो. म्हणून खचलेल्या प्रत्येक मीटरमागे निव्वळ वाढ २० नव्हे, सुमारे १० किलोपास्कल धरायची. दोन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो: भार ६१ किलोपास्कल, खचणं ६२ ते ६३ सेंटिमीटर. या चार-पाच सेंटिमीटरना कमी लेखू नका. एवढ्याच फरकाने ट्रक लावायच्या फलाटाजवळ फोर्कलिफ्टची चाकं आपटू लागतात.

आता वेळ. पाणी वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंनी निघू शकतं, म्हणून त्याला जास्तीत जास्त ४ मीटर वाट तुडवावी लागते. ९० टक्के खचायला लागणारा काळ म्हणजे ठरलेला गुणक ०.८४८ गुणिले वाटेचा वर्ग भागिले cv: ०.८४८ × ४² ÷ १, म्हणजे साडेतेरा वर्षं. खालची वाळू नसती आणि तळाशी कडक खडक असता तर वाट ८ मीटरची झाली असती, आणि काळ चौपट, ५४ वर्षं. म्हणून बोअरहोल चिकणमातीच्या तळाशी नेऊन थांबवू नका. खालच्या थरात दोन-तीन मीटर घुसवा आणि तिथे वाळू सलग आहे की एकाच भोकात लागलेला छोटासा खिसा आहे ते पाहा.

पायरी ३: नुसतं प्रीलोडिंग तपासून बाजूला ठेवा

कल्पना सोपी आहे. शेवटी जेवढा भार येणार त्याहून जास्त भराव आधी चढवायचा, हवं तेवढं खचलं की जास्तीचा काढून न्यायचा. समजा ८५ किलोपास्कल चढवले. या भाराखाली माती अखेरीस ७७ सेंटिमीटर खचेल. आपल्याला ६२.५ हवे आहेत, म्हणजे ८१ टक्के घट्टीकरण झालं की पुरे.

पण चार मीटरच्या वाटेने ८१ टक्के व्हायला ९.४ वर्षं लागतात. भार दुप्पट केला तरी हा आकडा मालक ऐकून घेईल इतका खाली येत नाही. नुसतं प्रीलोडिंग कुठे चालतं? चिकणमाती दोन-तीन मीटरच जाड असेल, किंवा तिच्यात वाळूचे थर भरपूर असतील तिथे. काळ वाटेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे ३ मीटर जाडीला हाच हिशेब दीड वर्षाच्या आत बसतो. आपल्या जागेवर तो बसत नाही. प्रस्तावात एवढंच दोन ओळींत लिहून पुढे जा.

पायरी ४: ड्रेन आणि त्यांचं अंतर

ड्रेन म्हणजे १० सेंटिमीटर रुंद, काही मिलिमीटर जाड प्लास्टिकची पट्टी. आत पाण्यासाठी नाल्या, बाहेर गाळणीचं कापड. पोकळ पोलादी नळीतून ती जमिनीत ढकलतात, नळी वर काढली की पट्टी खालीच राहते. ती जर मीटरभर अंतरावर बसवली, तर पाण्याला चार मीटर उभं जाण्याऐवजी अर्धा मीटर आडवं जावं लागतं. सगळी जादू या वाट कमी करण्यात आहे.

```
t = De² × F / (8 × ch) × ln(1/(1 − U))
```

U म्हणजे हवं तेवढं घट्टीकरण, इथे ०.८१. De म्हणजे एका ड्रेनच्या वाट्याला येणाऱ्या मातीच्या गोलाचा व्यास. त्रिकोणी मांडणीत तो अंतराच्या १.०५ पट. F मध्ये दोन गोष्टी येतात: ड्रेन किती बारीक आहे, आणि नळी घुसताना भोवतालची माती किती लडबडली. ही लडबड विसरू नका. नळीभोवतीचा थर मळलेल्या कणकेसारखा होतो आणि त्याची पाणी जाऊ देण्याची क्षमता घटते. मी इथे नळीभोवती सुमारे २० सेंटिमीटर व्यासापर्यंत ही क्षमता निम्मी झाली असं धरलं. मग १ मीटर अंतराला F ३.१ येतो. लडबड न धरता तोच २.० आला असता, म्हणजे काळ कागदावर एक तृतीयांशाने कमी दिसला असता. कंत्राटदार ‘आमचं चार महिन्यांत होतं’ म्हणतो तेव्हा हा आकडा आधी विचारा.

८१ टक्क्यांसाठी लागणारा काळ: १ मीटर अंतराला ५.७ महिने, १.२ मीटरला ८.७, दीड मीटरला साडेचौदा. अंतर दीडपट केलं की वेळ अडीचपट होते, हे प्रमाण डोक्यात ठेवा. १ मीटर त्रिकोणी मांडणीत एका ड्रेनला ०.८७ चौरस मीटर येतं, म्हणजे इमारतीखाली सुमारे सात हजार ड्रेन. प्रत्येक साडेनऊ मीटर धरला तर ६५ किलोमीटरच्या आसपास पट्टी. आकडा मोठा वाटतो, पण एक चांगलं यंत्र दिवसाला काही हजार मीटर बसवतं. अंतर कमी करून दोन-तीन महिने वाचवणं हे बहुतेक वेळा स्वस्तात पडतं.

आणि ड्रेन जिथवर पोचतात तिथवरच काम करतात. जपानच्या कान्साई विमानतळाखाली वरच्या चिकणमातीत वाळूचे ड्रेन घातले होते, आणि तो थर अपेक्षेप्रमाणे लवकर आटोपला. त्याखालचे खोल थर मात्र १९९४ साली विमानतळ सुरू झाल्यावरही खचत राहिले. आपल्या जागेवर खाली घट्ट वाळू आहे म्हणून ती भीती नाही, पण त्या वाळूखाली पुन्हा चिकणमाती नाही ना, हे एखाद्या खोल बोअरहोलने बघाच.

पायरी ५: भराव उभा राहील का

नवख्यांच्या प्रस्तावात सर्वांत जास्त चुका इथे सापडतात. ८५ किलोपास्कलसाठी एकूण सुमारे साडेचार मीटर भराव घालावा लागतो. आजची माती तो पेलते का? पहिला अंदाज सोपा: मातीची ताकद गुणिले ५.१४, भागिले सुरक्षेचा १.३. दहा किलोपास्कल ताकदीला ४० किलोपास्कल येतात, म्हणजे दोन मीटर. तिसरा मीटर चढवायला गेलात तर भरावाच्या काठाला लांब भेगा पडतील, पायथ्याबाहेरची जमीन फुगेल, आणि एका रात्रीत सगळं घसरेल. वरचा पापुद्रा कडक आहे म्हणून त्याची ताकद यात मिळवू नका. त्यात भेगा असतात, आणि ड्रेनच्या नळीने त्याची चाळण झालेली असते.

म्हणून भराव टप्प्यांनी. माती दबली की ताकद वाढते, आणि ही वाढ वाढलेल्या प्रभावी दाबाच्या साधारण ०.२२ पट धरतात. पहिला टप्पा ४० किलोपास्कल. तो ७० टक्के मुरला की २८ किलोपास्कल मातीच्या सांगाड्यावर आले, ताकद ६ ने वाढून १६ झाली, आणि आता ६३ किलोपास्कलपर्यंत जाता येतं. तोही मुरला की ताकद साडेएकवीसच्या आसपास येते, आणि मग ८५.

१ मीटर अंतरावर पहिल्या टप्प्याला चार महिने लागतात, दुसऱ्याला आणखी चार, आणि पूर्ण भाराखाली अडीच. पावणेसहा महिन्यांचं काम साडेदहा महिन्यांचं झालं! त्यात भराव वाहून आणण्याचे दिवस वेगळे. मी पाहिलेल्या अनेक प्रस्तावांत ड्रेनच्या सूत्रातला काळ थेट वेळापत्रकात चिकटवलेला असतो, जणू साडेचार मीटर भराव पहिल्याच दिवशी आकाशातून पडणार आहे.

हा काळ कमी करायचा तर काठांकडे बघा. घसरण काठाने होते, मधल्या भागाला भोवतालचा भरावच धरून ठेवतो. इमारतीच्या बाहेर आठ-दहा मीटर जागा असेल तर तिथे दीड-दोन मीटर उंचीची पायरी द्या, आणि मधला भराव पुढे जाऊ द्या. ही पायरी नंतर काढता येते. पण घसरगोलाचा रीतसर हिशेब केल्याशिवाय ५.१४ च्या सूत्रावर हा निर्णय घेऊ नका. ते सूत्र फक्त पहिली झडती घेण्यासाठी आहे.

पायरी ६: स्टोन कॉलमला योग्य जागा द्या

बैठकीत कोणीतरी म्हणणारच, ‘स्टोन कॉलम टाका, थांबायची कटकट नको.’ उत्तर आकड्यांत तयार ठेवा.

समजा ९० सेंटिमीटर व्यासाचे कॉलम, २ मीटर अंतरावर. त्यांनी जागेचा १८.४ टक्के भाग व्यापला. कॉलम मातीपेक्षा ताठर असल्याने त्यांच्यावर मातीच्या तिप्पट दाब येतो असं धरू. मग मातीवरचा दाब १ + ०.१८४ × २, म्हणजे १.३७ पटीने कमी होतो, आणि खचणंही साधारण तेवढंच कमी होतं. ६२ सेंटिमीटरचे ४५ झाले. अंतर १.६ मीटर केलं तर ४०. चाळीस सेंटिमीटर खचणारी फरशी कोणी घेणार नाही. म्हणजे कॉलम टाकूनही प्रीलोडिंग करावंच लागतं.

दुसरी अडचण त्याहून मूलभूत. खडीचा कॉलम उभा राहतो तो भोवतालच्या मातीच्या मिठीवर. माती मऊ असली की कॉलम वरच्या दोन-तीन व्यासांच्या उंचीत पोटाशी फुगतो. तो किती दाब पेलेल याचा ठोकताळा मातीच्या ताकदीच्या २५ पट: इथे २५०, आणि २.५ ची सुरक्षा घेतली तर १००. पण १.६ मीटर अंतरावरही आपल्या भाराखाली कॉलमवर सुमारे ११५ येतात, २ मीटरवर १३५. १० किलोपास्कलची माती कॉलमसाठी काठावरचीच. १५ च्या वर असेल तर निर्धास्त बोलता येतं. त्याखाली जायचं तर खडीला जाळीच्या कापडाची पिशवी घालावी लागते, किंवा आधी प्रीलोडिंग करून माती घट्ट करावी लागते.

मग कॉलम निरुपयोगी का? अजिबात नाही. ते घसरण अडवतात, आणि ड्रेनचंही काम करतात. आपल्या जागेची एक बाजू कुंपणाला लागून आहे, पलीकडे वापरातला रस्ता. तिथे पायरीला जागा नाही आणि भराव बराच उभा लागणार. त्या दहा-बारा मीटरच्या पट्ट्यात कॉलम टाकले की काठ टप्प्यांसाठी अडून राहत नाही. भार मधल्याच टप्प्यांनी चढतो, कॉलमवरचा दाब पिशवीच्या आधाराने आवाक्यात राहतो, आणि रस्त्याकडे सरकणारी मातीही धरली जाते. बाकीच्या जागेत ड्रेन.

पण जिथे पट्टा संपतो तिथे एका बाजूला ४० आणि दुसऱ्या बाजूला ६० सेंटिमीटर खचणारी जमीन शेजारी-शेजारी येते. म्हणून कॉलमचं अंतर तीन-चार ओळींत हळूहळू वाढवत न्या, आणि प्रीलोडिंग दोन्हींवरून सलग चढवा. फरक फरशीआधीच उरकला पाहिजे.

मऊ मातीत कॉलम बसवताना पाण्याच्या फवाऱ्याने भोक पाडायची पद्धत टाळा. त्यात चिखलपाण्याचा लोंढा निघतो, आणि भोकाच्या भिंती कोसळून खडीत गाळ मिसळतो. यंत्राच्या टोकातून थेट तळाशी खडी सोडणारी कोरडी पद्धत मागा. आणि प्रत्येक कॉलममध्ये मीटरमागे किती खडी गेली याची नोंद घ्या. एखाद्या खोलीवर खडी अचानक दुप्पट जाऊ लागली तर तिथे माती फारच मऊ आहे, कमी गेली तर कॉलम मध्येच चिंचोळा झाला आहे.

पायरी ७: कामाचा क्रम लिहून टाका

आधी पापुद्र्यावर अर्धा मीटर स्वच्छ वाळूचा थर. ड्रेनमधून वर आलेलं पाणी याच थरातून बाहेर जातं, म्हणून त्यात बारीक मातीचे कण पाच टक्क्यांच्या वर नकोत, आणि बाहेर चर व पंप हवेत. मग ड्रेन, मोजमापाची साधनं, भराव. भरावाचा सपाट माथा इमारतीच्या कडेच्या बाहेरपर्यंत न्या. कडेवरच उतार सुरू केला तर फरशीची कड अर्धवट दबलेली राहते.

खांबांचे पाइल प्रीलोडिंग उतरल्यावरच. आधी घातले तर भोवतालची माती खचताना त्यांना खाली ओढते. तो भार डिझाइनमध्ये नसतो.

पायरी ८: भराव कधी काढायचा

तारखेवर नाही, नोंदींवर. प्रस्तावात हे वाक्य ठळक लिहा, कारण दहाव्या महिन्यात मालकाचा फोन येणारच.

खचण्याच्या प्लेट पंधरा-वीस ठिकाणी, मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर तीन खोल्यांवर, आणि रस्त्याच्या बाजूला आडवी हालचाल दाखवणारी नळी. समजा पूर्ण भार चढल्यावर एका प्लेटच्या दर महिन्याच्या नोंदी अशा आल्या: ४७.०, ५४.६, ६०.३, ६४.५, ६७.७ सेंटिमीटर. फरक काढा: ७.६, ५.७, ४.२, ३.२. प्रत्येक फरक आधीच्याच्या सुमारे पाऊणपट आहे. मग उरलेलं खचणं शेवटच्या फरकाच्या ०.७५ ÷ ०.२५, म्हणजे तिप्पट: ९.६. अखेरचा आकडा ७७.३. आपल्या हिशेबातल्या ७७ शी तो जुळला, माती समजली. १९७८ साली असाओका यांनी मांडलेल्या पद्धतीचं हे हातावरचं रूप. गुणोत्तर दर महिन्याला इकडेतिकडे उड्या मारत असेल तर मात्र त्यातून अखेरचा आकडा काढू नका. बहुधा मध्येच कोणीतरी भराव वाढवलेला असतो.

६२.५ चा टप्पा अडीच महिन्यांत ओलांडला, तरी मी चौथ्या महिन्यापर्यंत थांबेन. ६२.५ ही सरासरी आहे, दोन ड्रेनच्या मधोमध पाण्याचा दाब अजून उरलेला असतो. शिवाय पाणी निघून गेल्यावरही माती हळूहळू दबत राहते. या मातीत हे रेंगाळतं खचणं पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत सहा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. जास्तीचा भार थोडा काळ जास्त ठेवून काढला तर ते बरंच कमी होतं.

एका जागेवर आमच्या प्लेट तिसऱ्या महिन्यात जवळपास थांबल्या. सगळे खूश, भराव काढायची तयारी सुरू. पिझोमीटर मात्र वरच अडून बसले होते. चर खणून पाहिलं तर वाळूचा थर गढूळ पाण्याने तुंबलेला. पुरवठादाराने मधल्या काही गाड्या गाळमिश्रित वाळूच्या टाकल्या होत्या. पाणी ड्रेनमधून वर येत होतं, पण पुढे त्याला वाटच नव्हती. आडवे चर खणून खडी भरल्यावर प्लेट पुन्हा खाली जाऊ लागल्या. खचणं थांबलं आणि पाण्याचा दाबही उतरला, तरच काम झालं. खचणं थांबलं पण दाब तसाच, तर कुठेतरी वाट बुजली आहे.

काठावरचं लक्षण वेगळं. आडवी हालचाल खचण्यापेक्षा वेगाने वाढू लागली की भराव तिथल्या तिथे थांबवा. ही नोंद रोज पाहणारा माणूस कोण आणि भराव थांबवायचा अधिकार कोणाला, हे प्रस्तावातच लिहा.

पायरी ९: भराव काढल्यानंतर

सुमारे तीन मीटर भराव निघतो आणि जमीन चार-पाच सेंटिमीटर वर येते. ड्रेन अजून जिवंत असल्याने हे काही आठवड्यांत होतं. तेवढं थांबा, वरचा थर पुन्हा दाबून घ्या, मग फरशी ओता.

आणि एक आकडा मालकाला आधीच लेखी द्या. स्लॅब आणि माल आल्यावर माती पुन्हा तीन-चार सेंटिमीटर दबेल. पूर्वी सोसलेल्या दाबाच्या आतलं हे दबणं टाळता येत नाही, पण ते पहिल्या काही महिन्यांत उरकतं. म्हणून सुरुवातीला अर्धं गोदाम छतापर्यंत भरून बाकीचं रिकामं ठेवू नका, माल सगळीकडे सारखा चढवा. उंच रॅकचे पाय बोल्टने समतल करता येतील असे घ्या, आणि ते समतल करण्याची दुसरी फेरी सहा महिन्यांनी लावून ठेवा.